विळी आडवी ठेवायचा दिवस

पुण्याच्या, ठाण्याच्या आणि त्याही पलीकडे गेलेल्या माझ्या सगळ्या भावंडांनो,

तुम्हाला पंचमीच्या मनापासून शुभेच्छा. दर वर्षी तुम्ही मला फोनवर विचारता, 'ताई, नागपंचमी कधी आहे गं?' आणि मी दर वर्षी तेच सांगते की श्रावण शुद्ध पंचमी. मग तुम्ही म्हणता, 'तारीख सांग.' तारीख फिरते, बाळांनो. 2023 साली अधिक श्रावण आला, तेव्हा निज श्रावणातली पंचमी 21 ऑगस्टला होती. 2025 मध्ये ती 29 जुलैलाच येऊन गेली. म्हणून काकू भिंतीवरच्या कॅलेंडरात आकडा शोधत नाही, अमावास्या शोधते. दिव्यांची आवस झाली की तिथून पाचवा दिवस. एवढं लक्षात ठेवलंत तर मला फोन नाही केलात तरी चालेल. पण करा.

तुमच्यातल्या धाकट्यांनी गेल्या खेपेला विचारलं होतं की पंचमीला नेमकं 'करायचं' काय असतं. मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, कारण हा सण मुळात न करायचा आहे. चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, भाजायचं नाही. चुलीवर तवा ठेवायचा नाही. शेतात नांगर, कुळव, कोळपं काही चालवायचं नाही, खुरप्यानं भांगलायचंसुद्धा नाही. अंगणात खुंटी ठोकायची असली तरी आजी म्हणायची, 'उद्या ठोक.' घरात तो दिवस सुरू कसा व्हायचा ते मला आजही दिसतं. चतुर्थीच्या संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की आजी स्वयंपाकघरातली विळी धुवून पुसून भिंतीकडे आडवी करून ठेवायची, पात्याचं तोंड भिंतीला. शेजारी सुरी आणि खुरपं. त्यावर जुन्या लुगड्याचं फडकं. लहानपणी मला वाटायचं विळी झोपली आहे.

या एका विळीमुळे घरातली दोन दिवसांची कामं कशी आधी सरकतात ते तुम्हाला सांगते. तुम्ही पंचमीला सकाळी येता आणि ताटावर बसता, त्यामुळे त्याआधीचं तुम्हाला दिसत नाही.

पहिली लाह्यांची घाई. नागोबाला दूध आणि लाह्या लागतात आणि पंचमीला भाजायचं नाही, म्हणजे लाह्या आदल्या दिवशी फुटलेल्या हव्यात, आणि त्यासाठी जोंधळा त्याच्याही आदल्या रात्री भिजलेला हवा. जोंधळा निवडून धुवायचा, कडकडीत पाण्यात थोडा वेळ ठेवायचा, निथळायचा आणि फडक्यात घट्ट बांधून रात्रभर ठेवायचा. सकाळी दाणा हाताला ओला लागत नाही, पण आत ओल मुरलेली असते. तीच ओल तापल्यावर वाफ होऊन दाणा फोडते. लोखंडी कढई चांगली तापवायची, एकेक मूठच टाकायची आणि फडक्याच्या बोळ्यानं दाबत दाबत फिरवायचं. कढई पुरेशी तापली नसेल तर दाणा फुटत नाही, नुसता करपत जातो. त्याला आमच्याकडे गणंग म्हणतात. जास्त मूठ टाकली तरी तेच होतं, कारण कढई थंड पडते. एका मुठीत चार-सहा गणंग राहिले तर जमलं समजायचं. निम्मे राहिले तर एक तर दाणा नीट मुरला नाही किंवा जोंधळा जुना, वाळून गेलेला. मागच्या वर्षी काकूच्या लाह्या अशाच बिघडल्या. तिनं दुकानातून साळीच्या लाह्या आणल्या, पूजा झाली, पण दिवसभर तिच्या मनातून ते गेलं नाही.

दुसरी पुरणाची. पंचमीला पुरणपोळी होत नाही, तवा नाही ना. म्हणून पुरणाचे दिंड. आणि आमच्या घरात पाटा-वरवंटाही त्या दिवशी बंद, त्यामुळे पुरण चतुर्थीलाच शिजवून वाटून ठेवायचं. गूळ फोडायचा तोही चतुर्थीला, नारळ खवायचा तोही. श्रावणातल्या दमट हवेत रात्रभर पुरण टिकवणं सोपं नव्हतं. आजी ते पातळ थरात पितळी परातीत पसरून पूर्ण गार करायची, वर मलमलीचं फडकं, आणि परात पाण्याच्या पातेल्यावर ठेवायची. गरम पुरण डब्यात झाकलं की वाफेचं पाणी सुटतं आणि सकाळी त्याला आंबूस वास येतो, बोटाला तार धरते. तुमच्याकडे फ्रीज आहे, पण गार करून मग झाकायचं एवढं त्यातही पाळा.

दिंडांचं माप मी ठाण्याच्या वहिनीसाठी लिहून देते, तिनं मागितलं होतं. एक वाटी हरभऱ्याची डाळ, शिजल्यावर पाणी पूर्ण निथळून घ्यायचं (ते कटासाठी ठेवा). पाऊण ते एक वाटी गूळ. उलथनं मधोमध उभं केलं आणि पडलं नाही की पुरण झालं. वेलदोडा, जायफळ. दोन वाट्या कणीक, चिमूट मीठ, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, आणि पोळीपेक्षा घट्ट मळायची. पुरीहून थोडी मोठी लाटी लाटायची, पण पुरीसारखी जाडसरच. मध्ये चमचाभर पुरण, मग चारी बाजू एकेक करून आत दुमडायच्या, पाकिटासारखी चौकोनी घडी. घडीची बाजू खाली करून तेल लावलेल्या चाळणीत ठेवायचं आणि पाण्याला आधण आल्यावरच चाळणी वर चढवायची. पंधरा मिनिटं. कणकेचा पांढरेपणा जाऊन तुकतुकी आली आणि ओलं बोट लावल्यावर चिकटलं नाही की उतरवा. दिंड फुटतो तो दोन कारणांनी. पुरण सैल असलं तर, नाही तर लाटी पातळ झाली तर. आधणाआधी चाळणी ठेवली तर फुटत नाही, पण चिवट होतो. वर साजूक तूप ओतायचं, आणि दिंड सुरीनं कापायचा नाही, हातानं मोडायचा. तेवढं मात्र पाळा गं.

बाकी ताटात भात, कटाची आमटी आणि मोडाच्या मटकीची उसळ, कांद्यावाचून. कढई नाही म्हणून फोडणी नाही, वरून आदल्या दिवशी खवलेलं खोबरं. गवार असली तर हातानं मोडून. आमची एक आतेबहीण रत्नागिरीला दिली आहे, तिच्याकडे तांदळाच्या पिठाच्या पातोळ्या होतात, हळदीच्या पानात दुमडून उकडलेल्या. गोव्यातही तेच. पदार्थ निराळा, पण तोही वाफेवरचा.

चतुर्थीला आम्हा बहिणींचा भावाचा उपास असतो. कहाणी अशी की सत्येश्वरीचा भाऊ सत्येश्वर गेला, तिनं अन्न सोडलं आणि दुसऱ्या दिवशी तिला भाऊ नागाच्या रूपात दिसला. तिनं त्यालाच भाऊ मानलं. पुण्याच्या दादा, तुला कधी सांगितलं नाही, पण तू परगावी गेल्यापासूनची एकही चतुर्थी मी मोडलेली नाही.

आता वारुळाची गोष्ट. ओढ्याच्या वरच्या अंगाला, बांधावर करंजाखाली आपलं वारूळ आहे. तुम्ही त्याला नागाचं घर म्हणता. घर नागाचं खरं, पण बांधलं वाळवीनं. नागाला बीळ खणता येत नाही. वाळवीनं सोडलेलं वारूळ, उंदरानं केलेलं बीळ, दगडांची ताल, जे मिळेल त्यात तो राहतो. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण आपल्याकडे दुसऱ्याच्या कष्टावर जगणाऱ्याला हिणवायला वापरतात, पण ज्यानं ती पहिल्यांदा म्हटली त्यानं नागाकडे नीट पाहिलेलं होतं. वारुळाच्या आत उन्हाळ्यात गारवा आणि पावसात ऊब राहते, आणि भोवती जोंधळ्याचं, भुईमुगाचं रान, म्हणजे उंदीर.

पंचमीला दुपारी सगळ्या बायका आणि माहेरी आलेल्या लेकी मिळून वारुळाला जायच्या. हातात ताम्हन, त्यात हळदकुंकू, कापसाचं वस्त्र, आघाडा, दूर्वा, लाह्या, फुटाणे आणि दुधाची छोटी वाटी. वारुळाला फेर धरून गाणी व्हायची. नव्यानं लग्न झालेली मुलगी गाण्यातून सासरचं काय काय सांगून टाकायची, आणि ते ऐकून घेण्याचा मान वारुळाचा होता. कुणी तिला अडवायचं नाही. मग संध्याकाळपर्यंत झिम्मा, फुगडी आणि लिंबाच्या झाडाचा झोका.

त्या पूजेत आजीचं एक वागणं मला फार उशिरा कळलं. मी आठ-नऊ वर्षांची होते. बाकीच्या बायका वारुळाच्या भोकात दूध ओतायच्या. आजी मात्र दूर्वांची जुडी दुधात बुडवायची, वारुळावर बाहेरून शिंपडायची आणि वाटी दोन हात अंतरावर दगडावर ठेवायची. मी विचारलं, 'आत का नाही ओतत?' ती म्हणाली, 'त्याच्या अंथरुणात कशाला ओतायचं? पाहुण्याला ताट वाढतात, अंगावर सांडतात का?' एवढंच. त्यामागे काही वाचलेलं नव्हतं, तिला अक्षर येत नव्हतं.

साप दूध पीत नाही हे तुम्ही मला शाळेच्या पुस्तकातून सांगता आणि ते खरंच आहे. उंदीर, बेडूक, पक्षी, दुसरे साप हे त्याचं खाणं. दूध त्याला पचत नाही. शहरात पंचमीच्या सुमाराला टोपली घेऊन दारात येणारा गारुडी ज्या नागाला दूध पाजून दाखवतो, तो नाग कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला असतो. तहानेनं तो जे मिळेल ते पितो, आणि ते दूध फुप्फुसात जाऊन मरतो. पुष्कळदा त्याचे दात तोडलेले असतात, तोंड शिवलेलं असतं. तुमच्या इमारतीखाली तो आला तर त्याला पैसे देऊ नका आणि टोपलीला नमस्कार करू नका. त्या नमस्काराचं आजीला वाईटच वाटलं असतं. वन विभागाला कळवा. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं नाग पकडणं, बाळगणं, खेळवणं गुन्हा आहे.

मग तुम्ही विचाराल की शिराळ्याचं काय? आपल्या गावाहून तासाभराच्या वाटेवरचं बत्तीस शिराळा. तिथे जिवंत नाग पूजायची रीत फार जुनी. सांगतात ती कथा गोरक्षनाथांची. भिक्षेला आले असता घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून भिक्षेला उशीर झाला. नाथांनी विचारलं, जिवंत नागाची पूजा करशील का? ती हो म्हणाली. तेव्हापासून पंचमीआधी नाग पकडायचे, मडक्यात ठेवायचे, पूजा आणि मिरवणूक करायची आणि पुन्हा रानात सोडायचे. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर ते थांबलं आणि प्रतिमेची पूजा सुरू झाली. 2025 मध्ये केंद्र सरकारनं 21 नाग पकडायला परवानगी दिली, पण ती लोकशिक्षण आणि अभ्यासापुरती, मिरवणुकीसाठी नाही. शिराळ्याच्या माणसांचा नागावर जीव आहे यात मला शंका नाही. पण गर्दीत, ढोलाच्या दणक्यात, हातात धरलेला नाग मी लहानपणी पाहिला आहे आणि त्या वेळी मला आजीची ती दोन हात लांबची वाटी आठवली होती. माझं मन तिच्या बाजूचं आहे.

आता ती कहाणी, जी चुलीपुढे बसून आपण ऐकली. शेतकरी श्रावणात नांगर धरतो. फाळ नागिणीच्या बिळातून जातो, पिल्लं मरतात. नागीण येते, बघते, फाळाला लागलेलं रक्त बघते आणि रात्री त्याच्या घरात सगळ्यांना डसते. मग तिला कळतं की एक लेक परगावी दिली आहे. तिलाही डसायला निघते. दारात पोचते तर त्या लेकीनं पाटावर गंधानं नाग-नागीण आणि पिल्लं काढली आहेत, दुधाचा, लाह्यांचा नैवेद्य ठेवला आहे आणि डोळे मिटून बसली आहे. नागीण निवते. विचारते, तू कुणाची? आणि सगळं सांगून तिला अमृत देते. लेक माहेरी धावत जाते, सगळी उठून बसतात.

मी ही कहाणी शाळेत मुलांना सांगते तेव्हा मुलं एक प्रश्न हटकून विचारतात, श्रावणातच का? मला त्याचं उत्तर रानात मिळालं. नागीण साधारण उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडाला अंडी घालते, डझन-दोन डझन. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात. म्हणजे आषाढ-श्रावणातच बांधाच्या पोटात, उंदराच्या जुन्या बिळात, वारुळात ती असतात. वीतभराहून थोडी मोठी, पण जन्मतःच फणा काढणारी आणि विष बाळगणारी. नेमक्या त्याच दिवसांत भांगलण, कोळपणी जोरात, बायका उकिडव्या बसून हातानं तण उपटतात. एका दिवसाच्या सुट्टीनं सगळी पिल्लं वाचत नाहीत, तसा दावा मी करणार नाही. पण कहाणीतल्या शेतकऱ्यानं मुद्दाम काही केलेलं नव्हतं, त्यानं पाहिलं नव्हतं इतकंच. पंचमी झाली की दुसऱ्या दिवशी आजी आम्हा पोरींना रानात नेताना आधी काठीनं तण हलवायला लावायची, बांधाच्या भोकात हात घालू द्यायची नाही. आदल्या दिवशीची कहाणी ताजी असायची, त्यामुळे हे सांगणं आम्हाला पटायचं.

एक गोष्ट मात्र आजीच्या काळासारखी ठेवायची नाही. तेव्हा साप चावला की देवळात नेऊन लिंबाचा पाला खायला देत. आपल्याच वाड्यातल्या एका चुलत्याला रात्री जमिनीवर झोपलेला असताना मण्यार चावली. मण्यारीचा दंश कधीकधी कळतही नाही, ना सूज, ना आग. पहाटे पोटात कळ आणि पापण्या मिटायला लागल्या. पाला खाण्यात दोन तास गेले. आजीनं त्यानंतर स्वतः बजावलं, 'पूजा वारुळाला, माणूस दवाखान्यात.' चावलेल्या जागी कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं नाही. हात-पाय हलू न देता सरळ सरकारी रुग्णालयात, जिथे सर्पविषावरचं औषध असतं. तुम्ही गावी मुक्कामाला आलात की मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा आणि रात्री बॅटरीवाचून परसात जाऊ नका. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही, पाहुण्याला पाय कुठे ठेवायचा ते सांगावंच लागतं.

तुमच्या सातव्या मजल्यावर वारूळ नाही. हरकत नाही, कहाणीतल्या लेकीकडेही नव्हतं. तिच्याकडे पाट होता. पाट नसेल तर पोळपाट उलटा घाला. चंदन उगाळा किंवा हळद पाण्यात कालवा. आजी शेपटीपासून सुरुवात करायची, बोट न उचलता वळणं घेत फण्यापर्यंत यायची आणि मग दोन डोळे. एक नाग, एक नागीण आणि त्यांच्या भोवती पिल्लं, जितकी घरात मुलं तितकी. आम्ही आपापलं पिल्लू ओळखायचो. जे वाकडं यायचं ते कुणाचं यावरून भांडणं व्हायची. ठाण्याच्या आपल्या चिमणीला तिचं पिल्लू तिच्याच बोटानं काढू दे.

यंदा लिंबाच्या फांदीला नवा दोर बांधला आहे, जाड सुताचा, मागचा कुजला होता. काकू जोंधळा निवडून बसली आहे. जमलं तर पंचमीला सकाळी नका येऊ, चतुर्थीला दुपारीच या. दिवा लागला की काकू विळी आडवी करते, आणि नारळ अजून खवायचे आहेत.

तुमची,
ताई